दुसऱ्या आणि तिसऱ्या मेसेजमधले दहा दिवस

इंदापूर तालुक्यातल्या एका दुधाच्या कारखान्याच्या मालकाने मला फसवलं, आणि माझ्या हातून एका बाईला फसवलं. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. तो मालक आजही लग्नकार्यात भेटला की मला हात जोडून नमस्कार करतो आणि विचारतो, "ताई, बरं चाललंय ना?" म्हणून हे लिहून ठेवते आहे.

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. कारखान्यांना माणसं शोधून देणं हा माझा धंदा. मी काटेवाडीची. आई भाजी विकायची आणि मी तिच्याशेजारी बसून गिऱ्हाईक ओळखायला शिकले. कोण नुसतं वांगी चिवडून जाणार, कोण दोनदा पुढं जाऊन तिसऱ्यांदा घेणार, हे मला दहाव्या वर्षी कळायचं. पुढे एमआयडीसीच्या फाटकाबाहेर उभी राहून मी आयटीआयच्या पोरांचे अर्ज आत पोचवले. वॉचमन हाकलायचे. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे, पण दुसऱ्या दिवशी वेगळं काहीतरी घेऊन जायचे. काल वेल्डरचा अर्ज नेला असेल तर आज फिटरचा. तेच तोंड तेच बोलणं घेऊन आलं की माणूस ऐकायच्या आधीच मान हलवतो, हे मी तिथं शिकले. माझ्या धंद्यातली निम्मी अक्कल एवढीच आहे.

उरलेली निम्मी गप्प बसण्यात आहे. ती मला फार उशिरा आली, कारण माझा स्वभाव तापट. ऑफिसात माझ्यासोबत एक बाई आहेत, माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, आधी एका पतसंस्थेत टायपिंगला होत्या. त्यांना मी बाई म्हणते, त्या मला मॅडम म्हणतात आणि मी चिडले की टाइप करायचं थांबून चष्मा पुसत बसतात. मी शांत होईपर्यंत चष्मा पुसतात. त्यांच्यामुळे आमचे बरेच मेसेज रागात जायचे वाचले.

हे मालक आमच्याकडे आले ते उसाच्या हंगामात. रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग होती, म्हणून ते तासभर उशिरा आले आणि त्याचा राग माझ्यावर काढला. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणते. दूध पावडर आणि चीजचं नवं युनिट टाकलं होतं. माल बाहेरदेशी पाठवायचा होता आणि त्यासाठी दर्जा तपासणारी प्रयोगशाळा पहिल्यापासून उभी करणारं माणूस हवं होतं.

"जाहिरात दिली व्हती," ते म्हणाले. "दोनशे अर्ज आलं. एकाला बी धड येत न्हाय."

"ज्याला येतं तो अर्ज करत नाही, आबा. तो कुठंतरी कामात असतो. त्याला आपण जाऊन विचारायचं असतं."

"मग विचारा की. फोन लावा."

"फोन शेवटी. आधी लिहायचं."

ते हसले. "प्रेमपत्र?"

"तसंच काहीसं," मी म्हटलं. "म्हणून घाई नको."

माझ्या डोक्यात एक नाव तेव्हाच आलं होतं. वर्षभरापूर्वी दूध उत्पादकांच्या एका कार्यक्रमाला मी भावाबरोबर गेले होते. तिथं बारामतीजवळच्या एका खाजगी डेअरीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई बोलल्या होत्या. गाईला प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिल्यावर किती दिवस दूध डेअरीला घालायचं नाही आणि ते टँकरात मिसळलं तर काय होतं, हे त्यांनी एकही इंग्रजी शब्द न फेकता सांगितलं. मागच्या रांगेतून एक जण ओरडला, "आन त्ये दूध आमी वतून द्यायचं व्हय?" त्या म्हणाल्या, "तुमच्या नातवाला पाजणार असाल तर नका ओतू." मी ते वाक्य डायरीत लिहून घेतलं होतं.

त्या भवानीनगरला राहतात. नवरा साखर कारखान्यात नोकरीला, सासरे कारखान्याचे सभासद, दोन मुलं. अकरा वर्षं एकाच डेअरीत. नोकरी शोधत नव्हत्या.

आबा म्हणाले, "नाव सांगा."

माणूस होकार देईपर्यंत मी नाव सांगत नाही. शिक्षण सांगते, अनुभव सांगते, गाव कोणत्या बाजूचं तेही सांगते, पण नाव नाही. आबा अडून बसले. नाव कळल्याशिवाय पुढं जायचंच नाही म्हणाले. मला ते काम हवं होतं, आणि मला वाटलं, अडलेल्या माणसाकडून जे मागावं ते मिळतं. मी सौदा मांडला. नाव देते, पण त्या बदल्यात दोन गोष्टी. मी तीन मेसेज पाठवणार, तिसरा जाऊन एक आठवडा होईपर्यंत तुमच्या बाजूच्या एकाही माणसाने त्या बाईशी, घरच्यांशी, कुणाशीही बोलायचं नाही. आणि दुसरी गोष्ट, प्रयोगशाळेचा प्रमुख थेट तुमच्या हाताखाली राहील, उत्पादन मॅनेजरच्या नाही. खराब टँकर परत पाठवायचा अधिकार त्याचा, आणि त्याला कुणाची सही लागणार नाही.

"ही दुसरी कशापायी?"

"मला दुसऱ्या मेसेजमध्ये लिहायला काहीतरी खरं लागतं."

त्यांनी अर्धा तास घासाघीस केली. टँकर परत पाठवण्यावर फार कुरकुर केली, कारण टँकर गावोगावच्या पुढाऱ्यांचे असतात हे त्यांना माहीत आणि मलाही. शेवटी दोन्ही गोष्टींना हो म्हणाले. टेबलावर हात ठेवून म्हणाले, "शब्द हाय माझा." मी नाव सांगितलं. त्या दिवशी मी जिंकले असं समजत होते. संध्याकाळी बाईंना म्हटलंसुद्धा, आज आबांकडून टँकर काढून घेतला.

मग आम्ही दोघी मेसेज लिहायला बसलो. या कामाची रीत अशी की तीनच मेसेज. चौथा कधीच नाही. प्रत्येक मेसेज एकटा उभा राहिला पाहिजे. समजा पहिला वाचलाच नसेल तरी दुसरा कळला पाहिजे. आणि दुसऱ्यात 'माझा आधीचा मेसेज पाहिलात का' हे वाक्य येता कामा नये. ते वाक्य म्हणजे तगादा. समोरच्याने वाचला, विचार केला आणि उत्तर दिलं नाही, हा त्याचा हक्क आहे. त्याला आपण काही नवीन द्यायचं, तरच परत दार वाजवायचं.

पहिला त्यांच्याबद्दल. कामाची ओळख ठेवायच्या ज्या साइट आहेत त्यातल्या एकीवर त्यांचं पान होतं. तिथंच लिहायचं, डेअरीच्या मेलवर नाही, कारण तो मेल कोण उघडतं ते आपल्याला ठाऊक नसतं. बाईंनी पहिली ओळ टाइप केली: 'आपल्यासाठी एक सुवर्णसंधी.' मी ती खोडायला लावली. सुवर्णसंधी फक्त फसवणारे लिहितात. मग असं झालं: मागच्या वर्षी दूध उत्पादकांच्या सभेत नातवाला पाजणार असाल तर, हे आपण म्हणालात तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. मी कारखान्यांसाठी माणसं शोधते. इंदापूर तालुक्यात एका नव्या युनिटची प्रयोगशाळा शून्यापासून उभी करायची आहे आणि ते वाक्य बोलू शकणारं माणूस हवं आहे. दहा मिनिटं बोलायला आवडेल. घाई नाही. इतकंच. मोबाइलच्या पडद्यावर बोट न सरकवता वाचून होईल एवढं.

बाई म्हणाल्या, "घराजवळ आहे, हे लिहू या का? भवानीनगरहून गाडीने पाऊण तास."

"नको. आपल्याला त्यांचं घर माहीत आहे हे त्यांना कशाला कळवायचं? अनोळखी माणसाला आपलं घर माहीत आहे म्हटल्यावर तुम्ही काय कराल?"

"दार लावून घेईन."

"मग?"

दुसरा कामाबद्दल, म्हणजे त्या टँकरबद्दल. प्रयोगशाळा मालकाच्या थेट हाताखाली असेल, दूध नाकारायला वरची सही लागणार नाही, हे मालकाने मला समोर बसून कबूल केलं आहे. अकरा वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला यापेक्षा मोठी गोष्ट सांगता येत नाही, असा माझा अंदाज होता. तिसरा त्यांना मोकळं करणारा. हा माझा शेवटचा मेसेज. उत्तर नाही आलं तर मी नकार समजेन आणि मला वाईट वाटणार नाही. वेळ चुकीची असेल तर कधी लिहू एवढं सांगा. दुसरं कुणी सुचलं तर तेही चालेल. नकार द्यायची वाट सोपी करून ठेवली की माणूस मोकळेपणाने बोलतो. कधीकधी होकारही तिथूनच येतो.

मग दिवस ठरवले. डेअरीत सकाळचं दूध अकरापर्यंत तपासून होतं, मग कागद, मग जेवण. म्हणून पहिला मेसेज मंगळवारी दुपारी तीनला. दुसरा पुढच्या सोमवारी दीडला, डबा खायच्या वेळी. वेळ बदलायची, कारण तीनला त्या रोज कामात असतील तर काय. तिसरा त्यानंतर दहा दिवसांनी, गुरुवारी. पहिलं अंतर लहान, दुसरं मोठं. लहान अंतरात माणूस विसरत नाही, मोठ्या अंतरात त्याला घरी बोलता येतं, स्वतःशी बोलता येतं. आणि मधे कधीही उत्तर आलं तर पुढचे मेसेज रद्द. हे सगळं बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलं.

पहिला गेला. उत्तर नाही. शुक्रवारी आबांचा फोन.

"काय म्हनली?"

"काही नाही अजून."

"मग परत लिवा."

"सोमवारी."

"च्यायला, सोमवारपतुर काय करायचं? पोरगी बघाया गेल्यावर सा दिवस गप बसतंय का कुणी?"

"पोरगी बघायला नाही निघालो आपण. शब्द दिलाय तुम्ही."

"दिलाय की. न्हाय कुठं म्हनलो."

सोमवारी दीड वाजता दुसरा गेला. बुधवारी सकाळी ऑफिस उघडलं तर उत्तर आलेलं होतं. मी उभ्यानेच वाचलं. बाईंनी खुर्ची पुढे सरकवली तरी मी बसले नाही. त्यांनी लिहिलं होतं: टँकरचं खरं असेल तर बोलायचं आहे. रविवारी अकरानंतर मोकळी आहे, नंबर खाली देते. घरी आणि इथं कुणालाच माहीत नाही, म्हणून तोपर्यंत कृपया फोन नको.

मी उत्तर दिलं: रविवारी अकराला मीच करते, तोवर कुणालाही कळणार नाही. बाईंनी कॅलेंडरवरचा तिसरा मेसेज खोडला.

माझी चूक गुरुवारी झाली. ती मी लपवत नाही. आबांचा फोन आला तेव्हा त्यांच्यासोबत चारचौघं बसलेली होती, मागून हसणं ऐकू येत होतं. आबा त्यांना ऐकवत म्हणाले, "आमच्या ताई लय हुशार. तीन आठवड्यांत तीन चिठ्ठ्या. पोस्टमन सुदिक त्यापरीस जास्त काम करतंय." हसणं वाढलं. "जमत नसंल तर सांगा ताई, हितं एका दिवसात जमवनारी मानसं हायती."

मला राग आला. समोर बाई चष्मा पुसत होत्या, तरी मी थांबले नाही. मी म्हटलं, "जमलंय. उत्तर आलंय त्यांचं. रविवारी अकराला बोलतेय. आता हसा."

मग ते म्हणाले, "असं व्हय. झ्याक."

मी फोन ठेवला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि एवढंच म्हणाल्या, "हे सांगायला नको होतं."

शुक्रवारी संध्याकाळी आबांचे व्याही पेढ्यांचा बॉक्स घेऊन भवानीनगरला त्या बाईंच्या घरी गेले. व्याही साखर कारखान्याच्या राजकारणातले, सासऱ्यांच्या जुन्या ओळखीचे. ओसरीवर बसले, चहा घेतला आणि सासऱ्यांना म्हणाले, तात्या, सूनबाईंचं आमच्या पाव्हण्यांकडं पक्कं झालं, बरं झालं, घरातलीच मानसं म्हना आता. सूनबाई तेव्हा अजून कामावरून यायच्या होत्या. तात्यांना काहीच माहीत नव्हतं. पण पाहुण्यांसमोर माहीत नाही कसं म्हणायचं, म्हणून ते हो हो म्हणाले आणि पेढा खाल्ला. परतताना व्याह्यांनी कारखान्याच्या शेतकी ऑफिसात दोघा-तिघांना सांगितलं. त्यातल्या एकाचे टँकर त्या बाईंच्याच डेअरीला लागतात. हे तपशील मला नंतर त्या बाईंनीच सांगितले.

रविवारी अकराला मी फोन केला. उचलला नाही. सव्वाअकराला पुन्हा केला नाही. दोनदा फोन करणं आमच्या रीतीत नाही. बाराच्या सुमारास मेसेज आला, एकच ओळ: माझ्या घरी पेढे कुणी पाठवले?

मला कळलं. मी आबांना फोन लावला. ते देवदर्शनाला गेले होते, उचलला नाही. मी त्या बाईंना काय लिहावं हे ठरवत संध्याकाळपर्यंत बसले. तिसऱ्या मेसेजचा मसुदा समोर होता. 'हा माझा शेवटचा मेसेज' ही त्याची पहिली ओळ. शेवटी लिहिलं, माझ्याकडून नाव बाहेर गेलं, मी शोध घेते. त्याला उत्तर आलं नाही.

सोमवारी त्यांच्या डेअरीत मालकाने त्यांना बोलावून प्रयोगशाळेच्या किल्ल्या मागितल्या. आरडाओरडा केला नाही. म्हणाले, तुम्ही जाणारच आहात तर नव्या माणसाला शिकू द्या. त्या म्हणाल्या, मी कुठंच जात नाहीये. ते म्हणाले, भवानीनगरात तर पेढे वाटलेत. त्या दिवसापासून त्यांना माल रवाना करायच्या विभागात बसवलं. किती क्रेट कोणत्या गाडीत गेले ते लिहायचं. पेढे व्याह्यांनी नेले आणि किल्ल्या गेल्या, एवढं मला त्याच रात्री डेअरीतल्या एका ओळखीच्याने कळवलं.

मंगळवारी मी आबांकडे गेले. नवं युनिट चकचकीत होतं, आत अजून रंगाचा वास. आबा ऑफिसबाहेर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मागवली. मी उभी राहिले.

"शब्द दिला होता, आबा."

"मी कुठं बोललो तिच्यासंगं? येका शब्दानं न्हाय बोललो."

"घरच्यांशी नाही, कुणाशीच नाही, असं ठरलं होतं."

"आवो ताई, येक सांगा. सून हाय ती त्यांची. नोकरी बदलनार, टायम बदलनार, घरची पोरं कोन बगनार? हे सासऱ्याला विचाराया नगं? तुमी मोबाइलवर लिवून लिवून काय करनार? आमच्यात आधी वडीलधाऱ्यांच्या कानावर घालत्यात. मान दिला म्या त्यांना."

आणि हे ते मनापासून बोलत होते. मला त्याचाच जास्त संताप आला. त्यांच्या लेखी त्या बाईचा होकार हा शेवटचा कागद होता. खरं काम ओसरीवर व्हायचं होतं.

"तिने सांगितलं होतं कुणाला कळू देऊ नका," मी म्हटलं. "रविवारी ती माझ्याशी बोलणार होती. दोन दिवस थांबला असतात तर ती आज तुमच्याकडे आली असती."

"मग आनु की आता."

"आणा. तिच्या हातून किल्ल्या गेल्यात. तिला बोलवा, सगळं समोर बसून ठरवा."

आबांनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. "आता न्हाय जमायचं. तिच्या डेअरीवाल्याचा फोन आला व्हता मला. आमची पंगत येक हाय, ताई. तुमी माझी मानसं पळवताय का म्हनला. म्हनलं न्हाय बाबा, ती बाई सवताच बघत व्हती कुठं कुठं."

"असं सांगितलंत?"

"मग काय सांगू? माजं नाव मधी येतंय."

मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. युनिटची माणसं काम थांबवून बघत होती. आबा शेवटपर्यंत शांत होते. निघताना म्हणाले, "रागावू नका. दुसरं कोन असंल तर सांगा, या टायमाला तीन चिठ्ठ्या लिवा न्हाय तर तेरा."

परतताना मी गाडी भवानीनगरच्या फाट्यावर थांबवली आणि पुन्हा सुरू केली. त्या घरी आता आणखी एक अनोळखी माणूस जाऊन बसलं असतं तर मी आणि व्याही यांत काय फरक राहिला असता?

तीन आठवड्यांनी त्या स्वतः ऑफिसात आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते. बारीक, उंच, बोटांवर रजिस्टरची शाई. बाईंनी चहा सांगितला. त्यांनी घेतला नाही.

"मला तीनही मेसेज बघायचेत," त्या म्हणाल्या. "दोन माझ्याकडे आहेत. तिसरा असेलच ना?"

"कसं कळलं?"

"पहिल्या दोनावरून. कुणीतरी बसून विचार केल्यासारखे होते. सोमवारी दुपारी आला, डबा उघडला होता मी. म्हटलं, ह्यांना माझी जेवायची वेळ कशी कळली."

बाईंनी मसुदा काढून दिला. त्यांनी तो सावकाश वाचला. उत्तर न आल्यास मी नकार समजेन आणि मला वाईट वाटणार नाही, या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

"टँकरचं खरं होतं?"

"खरं होतं. मी त्यांच्याकडून मागून घेतलं होतं, तुमच्यासाठीच."

"माझ्यासाठी." त्या जरा हसल्या, पण ते हसू लगेच गेलं. "घरी सासरे बोलत नाहीत माझ्याशी. नोकरीचा त्यांना राग नाही. परक्याच्या तोंडून कळलं आणि परक्यासमोर खोटं हो म्हणावं लागलं, त्याचा आहे. नवरा म्हणतो, मला तरी सांगायचं होतंस. मी म्हणते, सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. मी रविवारी सांगणार होते. तुमच्याशी बोलून, खरं आहे असं वाटलं तर. आता कुणाला पटत नाही."

बाईंनी थंड झालेला चहा बाजूला सरकवला.

"एक विचारते," त्या म्हणाल्या. "माझं नाव त्यांना कुणी दिलं?"

मी तडजोड करण्यात आयुष्य घालवलंय. मला त्या क्षणी चार उत्तरं सुचली होती आणि चारही अर्धी खरी होती. बाई माझ्याकडे बघत होत्या. या खेपेला त्यांनी चष्मा काढला नाही.

"मी दिलं," मी म्हटलं. "त्यांनी अडवून धरलं, मी शब्द घेऊन दिलं. आणि तुमचं उत्तर आलं हेही मीच सांगितलं. रागात."

त्यांनी मसुद्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. "मला विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "नावाला. नोकरीला कदाचित हो म्हटलं असतं." मग उठल्या. दारात थांबून बाईंना म्हणाल्या, "मराठी छान लिहिता तुम्ही." आणि जिना उतरून गेल्या.

त्या अजून रवानगीतच आहेत. मी तीन ठिकाणी त्यांच्यासाठी शब्द टाकायची परवानगी मागितली, एका ओळीत, एकदाच. उत्तर नाही. मी नकार समजले आहे आणि मला वाईट वाटतं आहे. त्यांच्या डेअरीत आता प्रयोगशाळेत एक माणूस आहे जो आधी माल रवाना करायचा. लोकांच्या घरी ते दूध जातं.

माझ्या चुकीबद्दल मी त्यांना तोंडावर उत्तर दिलं आहे. आता नाव विकून सौदा करत नाही. समोरच्या माणसाने लेखी हो म्हटल्याशिवाय मालकाला गावसुद्धा सांगत नाही. त्यामुळे दोन गिऱ्हाईकं गेली. जाऊ देत.

पण आबांचं उत्तर बाकी आहे. त्यांनी हात टेबलावर ठेवून शब्द दिला, तो रविवारपर्यंत पाळता आला नाही. मग ज्या बाईने त्यांना एक अक्षर लिहिलं नव्हतं तिच्याबद्दल तिच्या डेअरीच्या मालकाला खोटं सांगितलं, की ती स्वतःच बाहेर बघत होती. पंगत वाचावी म्हणून. मला त्यांचा नमस्कार नको. व्याह्यांना घेऊन त्यांनी भवानीनगरला जावं, तात्यांसमोर बसावं आणि सांगावं की सुनेने काही ठरवलं नव्हतं, आम्ही खोटं बोललो. मग तिथून त्या डेअरीत जावं आणि तेच त्या मालकाला, सगळ्यांसमोर, सांगावं. वडीलधाऱ्यांच्या कानावर घालायची तुमची रीत आहे ना, आबा? मग घाला. कोणत्या दिवशी जाताय, तेवढं कळवा.